घंटी आणि करवंटी

अनंत चतुर्दशीनंतरचा तिसरा की चौथा दिवस होता. सकाळी दूध घेऊन परतताना पार्किंगच्या मागच्या बाजूने आवाज आला, टक, टक, टक, मधूनच थांबत. मागे आमच्या सोसायटीचे खताचे तीन हौद आहेत, विटांचे, जाळीदार, कमरेइतक्या उंचीचे. मधल्या हौदापाशी सोसायटीचा कचरा नेणाऱ्या मावशी उकिडव्या बसल्या होत्या. हातात मोजे, पदर नाकावर घट्ट बांधलेला. काळ्या, अर्धवट कुजलेल्या ढिगातून त्या एकेक करवंटी ओढून काढत होत्या, फरशीवर आपटून तिच्या पोटातला चिखल झाडत होत्या आणि शेजारच्या पोत्यात टाकत होत्या. पोतं अर्ध्याच्या वर भरलं होतं. मी विचारलं, "एवढ्या करवंट्या आल्या कुठून?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मोदकाच्या. नारळी पुनवेपासनं चालूच हाय. पोरं म्हणत्यात की ताई तुमचं गाणं. त्यातच हाय करवंटी."

गाणं माझंच होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर आमच्या अठ्ठेचाळीस घरांच्या सोसायटीत ओला-सुका कचऱ्याचा कार्यक्रम झाला. त्यासाठी सेक्रेटरींनी मला 'चार ओळी' लिहून द्यायला सांगितलं होतं. मी शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलेली, त्यामुळे असलं काम फिरून माझ्याकडेच येतं आणि मला ते आवडतंही. आधी अभंगाचा साचा धरून पाहिला, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, पण त्यात कचरा बसवला की उपदेश ऐकल्यासारखं वाटायचं. मग मुलांना टाळ्यांवर म्हणता येईल अशी अकरा-अकरा अक्षरांची जोडी ठरवली. बोटांवर अक्षरं मोजत ओट्यापाशी उभी होते, खाली घंटागाडी आली आणि पहिली जोडी आपोआपच पडली:

सकाळी वाजली गाडीची घंटी,
ओल्यात साली, चोथा, करवंटी.

घंटीला मराठीत सोबती कमी. म्हणून करवंटी सापडल्यावर किती आनंद झाला होता! ती सापडली, की घंटीनेच तिला हाताला धरून आणली, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. महापालिकेच्या पत्रकातही नारळाच्या करवंट्या ओल्याच्याच यादीत होत्या, त्यामुळे चूक झाली असं कुणीच म्हटलं नसतं. करवंटी झाडाचीच, कधीतरी मातीत जाणारच. पण 'कधीतरी' म्हणजे किती? केळीचं साल आमच्या हौदात पंधरवड्यात ओळखू येईनासं होतं. खत दीड-दोन महिन्यांत चाळायला येतं. करवंटी म्हणजे जवळपास लाकूडच. तिच्यातलं लिग्निन साध्या जिवाणूंच्या सहजी पचनी पडत नाही, त्यामुळे ती दोन पावसाळे काढूनही करवंटीच राहते.

आणि ती नुसती पडून राहत नाही. तिचा आकार वाटीचा आहे, हे मला त्या सकाळी मावशींच्या शेजारी बसल्यावर नीट दिसलं. ढिगात ती उताणी पडली की वरून झिरपणारं पाणी तिच्यात साठतं. हौद चालायचा तर आत हवा खेळायला हवी, म्हणून आम्ही ओल्या थराआड वाळका पाला टाकतो आणि दर शनिवारी दाताळ्याने ढीग खालीवर करतो. करवंट्या झाल्यावर दाताळं अडकायला लागलं, माळीकाका वरवर हलवून सोडून द्यायला लागले आणि आत ठिकठिकाणी काळ्या पाण्याच्या वाट्या भरून राहिल्या. मावशींनी एक करवंटी कलंडली तसा सडक्या अंड्यासारखा दर्प आला. त्या म्हणाल्या, "ह्यो वास आला की समजायचं, आत दम कोंडलाय." नाकात चुरचुरणारा, गोठ्यासारखा वास आला तर नुसताच ओला माल जास्त झालेला असतो, तेव्हा पाला वाढवायचा. सडक्या अंड्याचा आला तर पाणी तुंबलंय, ढीग उपसायचा. त्यांनी मूठभर खत उचलून पिळून दाखवलं. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा, तेवढी ओल बरोबर. त्यांच्या मुठीतून धार लागली.

त्या दिवशी मला बोचलं ते मावशींच्या कष्टांमुळे, हे तर झालंच. पण त्याहून खोल काहीतरी होतं. गाणं फसलं नव्हतं. ते चाललं होतं, मला हवं होतं तसंच. दुसऱ्या मजल्यावरची जुळी भावंडं ते जिन्यात म्हणायची, लिफ्टमध्ये ते चिकटवलेलं होतं, आणि ज्या घरांत आधी करवंटी सवयीने बाजूला ठेवली जायची, त्या घरांनीसुद्धा ती ओल्या डब्यात टाकायला सुरुवात केली होती. साधं पत्रक असतं तर कुणी वाचलं नसतं. यमक लक्षात राहतं, म्हणून तर आपण यमक लिहितो. आणि नेमका शेवटचा शब्द लक्षात राहतो. मधले 'साली' आणि 'चोथा' मुलांच्या तोंडात अनेकदा अदलाबदल व्हायचे, एकदा तर चोथ्याच्या जागी 'चपाती' ऐकली, पण करवंटी कधी हलली नाही. ती घंटीला बांधलेली होती.

मावशींबरोबर मी अर्धा तास बसले. पोतं भरल्यावर मी विचारलं, "आता ह्याचं काय करणार?" "बंबाला," त्या म्हणाल्या. त्यांच्या वस्तीत अजून काही घरी पाणी तापवायचा बंब आहे, करवंटी त्याला फार चांगली, धूर कमी आणि आच टिकून. तो एक शब्द ऐकला आणि मी थेट आजीच्या मागीलदारी जाऊन पोचले.

आजीच्या घरात तांब्याचा बंब होता. चिंचेने घासून लखलखीत केलेला, बाहेरून बघितलं की त्यात आपला चेहरा लांबुडका दिसायचा. त्याच्या शेजारी एक फुटकी बादली असे, तिच्यात करवंट्या, नारळाची किशी, आंब्याच्या वाळलेल्या कोयी. त्या बादलीला घरात 'बंबाचं' म्हणत. परसात घमेलं असे, त्यात भाताची पेज, भाज्यांचे देठ, कलिंगडाची साल पडे. ते 'म्हशीचं'. कपाटाखाली वर्तमानपत्रं आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून ठेवलेले, ते 'रद्दीचं'. पुडीचा दोरा गुंडाळून खिळ्याला. जे कुठेच बसत नाही ते 'उकिरड्याचं', आणि ते फार थोडं असे. आजीने आयुष्यात ओला आणि सुका हे शब्द कचऱ्याला लावले असतील असं वाटत नाही. तिच्याकडे प्रत्येक वस्तूचं नाव ती जिथे जाणार तिथून पडलेलं होतं. जात्यावर बसली की तिच्या ओवीतही सगळी माणसं अशीच यायची, माहेरचा, सासरचा, वारीचा.

आम्ही मात्र शब्द घेतले ते वस्तूच्या अंगाला हात लावून. ओला, सुका. जैविक विघटन होणारा आणि न होणारा असं म्हणायला जड जातं, म्हणून हे सोपे शब्द रूढ झाले, आणि त्यांनी कामही बरंच केलं. पण हे शब्द फसवतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी अत्यंत काटेकोर, त्यांच्या घरचे दोन्ही डबे बघावेत असे. त्या कांद्या-लसणाची सालटी कायम सुक्यात टाकायच्या. का, तर ती सुकीच असतात, कुरकुरीत, वाऱ्याने उडणारी. आणि दुधाची पिशवी ओल्यात, कारण तिच्यातून दूध ठिबकतं. त्यांचं काय चुकलं? भाषा जशी ऐकू आली तशी त्यांनी पाळली. देव्हाऱ्यातलं चार दिवसांचं निर्माल्य वाळलं म्हणून सुक्यात जातं, दोऱ्यासकट. चहाच्या पावडरीचा रिकामा पुडा आतून दमट म्हणून ओल्यात. मावशी सकाळी नऊ वाजता आमच्या बिल्डिंगमधून दोन बादल्या घेऊन खाली उतरतात आणि मग मागच्या कट्ट्यावर बसून आमच्या भाषेतले हे गोंधळ हाताने सोडवतात.

त्यांच्याकडचे शब्द निराळे आहेत. आपण ज्याला एका दमात 'सुका' म्हणतो त्याचे त्यांच्या कट्ट्यावर सहा-सात ढीग असतात, कारण भंगारवाला प्रत्येकाचा वेगळा भाव देतो. पुठ्ठा, रद्दी, पांढरा कागद, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लास्टिक, पत्रा. 1993 साली पुण्यातल्या कचरावेचकांनी आपली संघटना बांधली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. मी ते नाव कित्येक वर्षं ऐकत होते, पण पद्य लिहायला बसेपर्यंत त्याची लय कानावर पडली नव्हती. म्हणून बघा, कागद, काच, पत्रा. ती नुसती नावं नाहीत, जिन्नस आहेत, ज्यांचे पैसे मिळतात असे. आजीच्या 'बंबाचं' आणि 'म्हशीचं' यांच्या गोत्रातलं हे नाव आहे.

तेव्हा मी ठरवलं, पुन्हा लिहायचं. आणि वस्तू कशी आहे हे न सांगता ती कुठे जाणार ते सांगायचं. यमकाची जागा जिथे लोक चुकतात त्यालाच द्यायची. केळीचं साल ओल्यात, हे कुणालाही शिकवावं लागत नाही, त्याच्यावर यमक खर्च करण्यात अर्थ नाही.

पहिली दुरुस्ती करवंटीचीच. मला वाटलं होतं, सोपं आहे:

सकाळी वाजली गाडीची घंटी,
हौदात नकोच ती करवंटी.

अक्षरं बरोबर अकरा. जुळ्यांना शिकवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाठलं. म्हणायला लावलं नाही, नुसतं विचारलं, "करवंटी कुठे टाकायची?" दोघंही एका सुरात, "हौदात!" मी चकित झाले, पण त्यात नवल नव्हतं. म्हणताना 'नकोच' मधे कुठेतरी गिळलं जात होतं, आणि हौद आणि करवंटी ही दोन टोकं तेवढी उरत होती. नकार पद्यात टिकत नाही, निदान अशा पद्यात तरी नाही, जे जिन्याच्या पायऱ्या उतरता उतरता म्हटलं जातं. शिवाय हौदात नको, तर मग कुठे, हे ओळ सांगतच नव्हती.

दुसऱ्या खेपेला फाटकापाशी एक पोतं टांगलं आणि लिहिलं, 'करवंटी मात्र पोत्यात घाल'. हे बरं जमलं होतं. पण त्याच कागदावर आणखी एक जोडी होती आणि तिच्याबद्दल सांगायला थोडं मागे जावं लागेल.

ऑगस्टच्या गाण्यात पॅड आणि डायपर नव्हते. मी लिहिले होते, कमिटीच्या बैठकीत वाचलेही होते. वाचल्यावर क्षणभर कुणी काही बोललं नाही, मग एक ज्येष्ठ सभासद सौम्यपणे म्हणाले, की लहान मुलं म्हणणार आहेत, तेवढं कडवं राहू द्या. मी राहू दिलं. वाद घातला नाही. पद्यात दोनच डबे उरले, आणि ज्याला पद्यात जागा मिळाली नाही ते वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्यात जात राहिलं. मावशींच्या कट्ट्यावर वर्तमानपत्राची पुडी म्हणजे कोडं असतं. आत रद्दी असेल, काच असेल, चप्पल असेल. उघडल्याशिवाय कळत नाही. लाल ठिपका हा त्याच्यावरचा उपाय पुण्यात कचरावेचकांच्या कामातूनच पुढे आला आहे. पुडीवर ठळक लाल ठिपका असला की ती उघडायची नाही, वेगळी ठेवायची. केवढीशी गोष्ट! एका बाईला सकाळी नऊ ते अकरा या वेळात काय उघडावं लागतं आणि काय नाही, हे त्या ठिपक्यावर ठरतं. मी कडवं गाळलं तेव्हा मला संकोच वाचवल्यासारखं वाटलं होतं. तो संकोच वाचला नव्हता, आमच्या बैठकीतून उठून मावशींच्या हातात गेला होता.

ह्या वेळी मी कमिटीला विचारलं नाही, दाखवलं. आणि त्या ज्येष्ठ सभासदांनीच चष्मा पुसत सांगितलं की लाल मोठ्या अक्षरात छापा:

पॅड-डायपर पुडीत घाल,
पुडीवर काढ ठिपका लाल.

अडचण मात्र निराळीच निघाली. इथेही 'घाल' आणि तिथेही 'घाल'. पहिल्याच आठवड्यात मुलं 'करवंटी मात्र पुडीत घाल' म्हणायला लागली, आणि एका घरून खरोखरच कागदात गुंडाळलेल्या दोन करवंट्या आल्या, वर लाल ठिपका काढलेल्या. मावशींनी ती पुडी नियमाप्रमाणे उघडलीच नाही. ती दुसऱ्या घरच्या काकूंनी ओळखली, हाताला कडक लागली म्हणून. दोन सूचनांना एकच यमक द्यायचं नाही, हे मला काव्यशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालं नसतं.

तिसऱ्या खेपेला मी घंटीकडे परत गेले. लोकांच्या कानात जे बसलंय ते उपटण्यापेक्षा त्याच्याच पुढे नवीन बांधावं असं वाटलं. पहिली ओळ जशीच्या तशी ठेवली आणि दुसरीचा प्रश्न केला:

सकाळी वाजली गाडीची घंटी,
पोत्यात टाकली का करवंटी?

हे चाललं. प्रश्नात 'नको' नाही, त्यामुळे गिळायला काही नाही, आणि पोतं नि करवंटी ही दोन टोकं बरोबर जोडलेली. वर मुलांना प्रश्न विचारायला फार आवडतं. ती आता घंटी वाजली की जिन्यातून ओरडत उतरतात आणि कुणाचं दार उघडं दिसलं की तिथेच उभं राहून विचारतात. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना रोज विचारतात, त्यांच्याकडे महिन्यात एक नारळ फुटत असेल. ते रोज उत्तर देतात.

वहिनींच्या कांद्यासाठी एक जोडी केली आणि त्यांनाच आधी ऐकवली, कारण पाठीमागून चिकटवणं बरं दिसलं नसतं. त्यांनी ती स्वतःच्या डब्यावर पेनाने लिहून घेतली:

कांद्याची सालटी वाळली तरी,
ओल्याच डब्यात असती बरी.

आणि दुधाच्या पिशवीची. तिच्यातली खरी अडचण पिशवी नव्हे, कोपरा आहे. आपण कात्रीने कोपरा उडवतो, पिशवी धुऊन वाळवतो, आणि आपल्याला वाटतं झालं. तो नखाएवढा तुकडा ओट्यावरच्या भाजीच्या देठांबरोबर ओल्यात जातो, आणि दीड-दोन महिन्यांनी आम्ही खत चाळतो तेव्हा चाळणीत पांढरे-निळे त्रिकोण उरतात. एवढासा तुकडा कुणी वेचत नाही, भंगारात त्याला भाव नाही. पिशवी अर्धवटच कापली, कोपरा तिलाच लोंबकळू दिला, तर तो पिशवीबरोबर जिथे जायचा तिथे जातो.

दुधाची पिशवी विसळ जरा,
तिलाच लटकू दे ना कोपरा.

'दे ना' मधला 'ना' अक्षर भरायला घातला होता. पण मुलं तोच लाडिकपणे लांबवतात, आणि आता मलाही तो काढावासा वाटत नाही.

दिवाळीनंतर मधला हौद उपसला. शनिवारी दाताळं तळापर्यंत गेलं. खालून तपकिरी, भुसभुशीत खत निघालं, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं. त्यातही सात करवंट्या सापडल्या, जुन्या, ऑगस्टमधल्या. मी मोजल्या. एक धुऊन घरी आणली आहे, ती खिडकीत आहे, तिच्यात पेन्सिली ठेवते.

त्याच दिवशी मावशींना मी सगळी कडवी म्हणून दाखवली. त्यांना वाचता येत नाही, पण दोन तर त्यांना मुलांमुळे आधीच पाठ होती, आणि लाल ठिपक्याच्या जोडीला त्यांनी मान डोलावली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "काचेचं न्हाई केलं." आणि उजव्या हाताचा मोजा काढला. अंगठ्याच्या बुडाशी जुनी, पांढरी पडलेली रेघ होती. बल्ब, फुटलेला ग्लास, बरणीचा तुकडा, सुक्यातच येतात, खरं तर चुकीच्या डब्यात येत नाहीत. पत्रकाप्रमाणे सगळं बरोबर असतं आणि तरी हात कापतो. मी म्हटलं, करते, आजच करते. पाच, नाच, जाच, आच, यमकं तर भरपूर होती. दोन रात्री बसले. अकरा अक्षरांत काच बसत होती, कागदात गुंडाळणं बसत होतं, पण सगळंच पुन्हा डब्यात जात होतं. तिसऱ्या दिवशी मावशींनाच विचारलं, की तुम्हाला नक्की काय व्हायला हवंय.

"गाणं कशाला त्याला," त्या म्हणाल्या. "काच डब्यात टाकू नका. माझ्या हातात द्या, सांगून."

लिफ्टमधल्या कागदावर सगळ्या कडव्यांच्या खाली तेवढं लिहिलं आहे. त्याला यमक नाही.